सगळंच पहिल्या खणात का जातं?

*ताई, नमस्कार. मी अमळनेरला घरूनच काळा मसाला, उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे करून विकते. हा सहावा सीझन. दोन बाया मदतीला येतात, त्या दुपारी एकला घरी जातात. बचत गटाच्या प्रशिक्षणात तातडीचं आणि महत्त्वाचं असा चार खणांचा तक्ता शिकवला होता. रोज रात्री वहीत मांडते, पण सगळी कामं पहिल्याच खणात जाऊन बसतात. सकाळी फोन सुरू झाले की वही उघडणंसुद्धा होत नाही. परवाच्या मंगळवारची यादी देते: नाशिकची सहा किलो मसाल्याची ऑर्डर (शनिवारी पाठवायची), पापडाचं पीठ भिजवणं, पिशव्या संपत आल्या, व्हॉट्सॲपचे निरोप, घरी माल घ्यायला येणारी गिऱ्हाइकं, यंदाचे भाव ठरवणं, तीन दुकानांची उधारी, वर्षाची मिरची भरणं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, मुलीच्या शाळेची पालकसभा, नणंदेकडे कार्यक्रमाचे लाडू वळायला जाणं. रात्री अकराला पाठ टेकते तेव्हा यातली चार कामं झालेली असतात. माझं कुठं चुकतं?*
*– एक मैत्रीण, अमळनेर*

ताई, तुमची यादी मी माझ्या वहीत उतरवून घेतली आणि चार खणांत मांडून बघितली: पहिल्यात तातडीचं आणि महत्त्वाचंही, दुसऱ्यात महत्त्वाचं पण तातडीचं नाही ते, तिसऱ्यात तातडीचं पण महत्त्वाचं नाही ते, चौथ्यात दोन्ही नाही ते. पहिल्या फेरीत माझ्याकडूनही अकरापैकी आठ-नऊ कामं पहिल्याच खणात गेली असती, कारण ती लिहिलीच तशी आहेत. ‘नाशिकची ऑर्डर’ असं लिहिलं की ते तातडीचंही वाटतं आणि महत्त्वाचंही. पण ते एक काम नाही. मंगळवार ते शनिवार पसरलेली ती सहा-सात कामं आहेत, आणि त्यांतलं एकच मंगळवारचं आहे.

शनिवारपासून मागे मोजत या. शनिवारी सकाळी पिशव्या भरून, सील करून पार्सल द्यायचं. शुक्रवारी सकाळी डंकावर दळायचं, म्हणजे रात्रभर मसाला परातीत मोकळा पसरून निवायला वेळ मिळतो. गरम मसाला पिशवीत भरला तर आत वाफ धरते आणि आठ दिवसांत गुठळ्या होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. गुरुवारी संध्याकाळी धने, खोबरं, कांदा, खडा मसाला भाजायचा. आणि भाजण्याआधी मिरचीला दोन-तीन कडक उन्हं मिळालेली हवीत. मिरची वाकवली की लवायला नको, कट्‌ आवाज करून मोडायला हवी. म्हणजे मंगळवारी नाशिकच्या ऑर्डरीतलं काय आलं? मिरचीची देठं काढून ती नऊच्या आत गच्चीवर पसरणं. एवढंच. ते मात्र मंगळवारचंच आहे, कारण मंगळवारचं ऊन बुधवारी मिळत नाही.

हे एकदा जमलं की पहिला खण निम्मा रिकामा होतो. तक्त्यात ऑर्डरीचं नाव लिहायचं नाही, त्या ऑर्डरीतलं आजचं पाऊल लिहायचं. ‘नाशिक’ लिहू नका, ‘मिरची नऊच्या आत गच्चीवर’ लिहा. बाकीची पावलं त्या-त्या दिवसाच्या पानावर आत्ताच टाकून द्या, म्हणजे ती डोक्यात फिरत राहणार नाहीत.

आता पापडाचं पीठ. हे काम तुम्ही मंगळवारी पहिल्या खणात टाकलंत, आणि माझ्या मते त्या दिवसाची खरी अडचण तीच होती. पिठाचा डबा कपाटात आहे तोवर ते काम अजिबात तातडीचं नाही. पण एकदा का पापडखाराचं पाणी घालून पीठ भिजवलं, कुटलं, लाट्या पाडल्या, की ते त्याच दिवशी लाटावं लागतं. म्हणजे तातडी बाहेरून आली नाही, ती तुम्ही स्वतःच्या हातानं तयार केलीत, आणि तीही ज्या दिवशी दोन्ही बाया देठं काढायला बसलेल्या आहेत त्याच दिवशी. बुधवारी मिरची नुसती उन्हात पडलेली असेल, तिला तासा-दोन तासांनी एक हात फिरवला की झालं. बायांचे चारही हात मोकळे. पापड बुधवारी. घरच्या खाद्यपदार्थांच्या धंद्यात अशी कामं बरीच असतात. बिबड्यांची ज्वारी भिजत घातली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती दळून घाटा शिजवावाच लागतो, ती थांबत नाही. म्हणून भिजवण्याआधी वहीत तीन दिवस पुढचं पान उघडून बघायचं, की तो दिवस मोकळा आहे का. भिजवणं हे दहा मिनिटांचं काम असतं, पण ते करताना आपण तीन दिवसांनंतरचे चार तास खर्चून टाकलेले असतात.

इथं त्या तक्त्याच्या मुळाशी थोडं जाऊ या, कारण प्रशिक्षणात हा भाग घाईत उरकतात. तातडीचं आणि महत्त्वाचं हा फरक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावानं ओळखला जातो. १९५४ साली इव्हान्स्टन इथल्या एका भाषणात त्यांनी तो सांगितला, आणि तोही एका महाविद्यालयाच्या माजी प्रमुखाचं वाक्य म्हणून: माझ्यापुढे दोन प्रकारचे प्रश्न असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे, तातडीचे महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधीच तातडीचे नसतात. चार खणांचा तक्ता पुढे लोकांनी त्यावरून बनवला. त्या वाक्याचा जोर बघा. महत्त्वाच्या कामाला घंटा नसते. ते दार वाजवत नाही, फोन करत नाही, ‘ताई, लवकर सांगा’ असं म्हणत नाही. भाव ठरवायचे राहिले म्हणून तुम्हाला कोणी विचारायला आलं का? नाही ना.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की दोन कामांपैकी एकाला मोबदला जास्त आणि दुसऱ्याला मुदत कमी असेल, तर पुष्कळ माणसं कमी मोबदल्याचं पण मुदतीचं काम उचलतात. ‘मी फार कामात आहे’ असं ज्यांना सतत वाटतं त्यांच्यात हे जास्त होतं. आणि निवड करतानाच मोबदल्याकडे लक्ष वेधलं, तर हा ओढा कमी होतो. तुमच्या कामाची गोष्ट ही शेवटची आहे. कामासमोर त्याची किंमत लिहायची, म्हणजे डोळ्यांना दिसते.

एक उदाहरण करून दाखवते. आकडे मी गृहीत धरलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा तुमच्या एक किलो काळ्या मसाल्यात ४०० ग्रॅम मिरची पडते, आणि मिरची गेल्या वर्षीपेक्षा किलोला ६० रुपयांनी चढली. म्हणजे नुसत्या मिरचीपोटी एका किलोमागे २४ रुपये जास्त गेले. सीझनला १५० किलो मसाला जात असेल आणि तुम्ही गेल्या वर्षीच्याच भावानं विकत राहिलात, तर ३,६०० रुपये गेले. धने, खोबरं, डंकाची दळणावळ यांतली वाढ अजून धरलेली नाही. आता यादीत ‘यंदाचे भाव ठरवणं’ याच्या समोर ‘३,६०० रुपये, एक तास’ असं लिहा आणि त्याच्या खाली ‘व्हॉट्सॲपचे निरोप’ ठेवा. कोणतं काम आधी, हे मग मला सांगावं लागणार नाही. हे काम मार्चमध्येच व्हायला हवं, कारण एकदा अर्धा सीझन जुन्या भावानं माल दिला की गिऱ्हाइकाला मध्येच नवा भाव सांगणं जड जातं.

म्हणून कामं खणांत टाकताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, आणि महत्त्वाचा प्रश्न आधी. पहिला: हे काम झालंच नाही तर आखाजीपर्यंत माझ्या धंद्याचं किंवा घराचं काय बिघडेल? काही ठोस सांगता आलं तर ते महत्त्वाचं. मग दुसरा: हे आज न करता उद्या सकाळी केलं तर नेमकं काय जातं? माल खराब होतो, पैसे जातात, दिलेला शब्द मोडतो, कोणाची तब्येत बिघडते, यांपैकी काही असेल तर ते तातडीचं. ‘समोरच्याला थोडं थांबावं लागेल’ एवढंच उत्तर असेल तर ते तातडीचं नाही, समोरच्याची तशी इच्छा आहे. आपण बायका बहुतेक वेळा दुसरा प्रश्न आधी विचारतो, आणि समोरच्याचा आवाज जितका घाईचा तितकं काम वर सरकवतो.

या दोन प्रश्नांतून तुमचा मंगळवार काढला तर पहिल्या खणात तीनच कामं उरतात. मिरची नऊच्या आत गच्चीवर. सासूबाईंच्या गोळ्या, पाकिटात एक-दोनच उरल्या असतील तर. पंधरा उरल्या असतील तर ते आजचं काम नाही. तसंही महिन्याच्या औषधाला एक तारीख ठरवून टाका आणि दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की आणायच्या, म्हणजे ते काम पहिल्या खणात पुन्हा येणारच नाही. आणि तिसरं, पालकसभा. ती ठरल्या वेळेला आहे, ती चुकली तर परत नाही. काही बाया मला लिहितात की धंद्याचा तक्ता वेगळा आणि घराचा वेगळा ठेवावा का. मी म्हणते, अजिबात नको. तास एकच आहेत. धंद्याच्या वहीत पालकसभा लिहिली नाही तर तिथे दोन तास मोकळे दिसतात, आणि आपण त्यात पापड लाटायला घेतो.

दुसरा खण तुमच्या यादीत सगळ्यात भरलेला आहे आणि तोच तुम्हाला दिसला नव्हता. भाव, उधारी, वर्षाची मिरची, पिशव्या. पिशव्यांचं बघा. ‘संपत आल्या’ हे वाक्य फसवं आहे, ते सारखं टोचत राहतं आणि काही सांगत नाही. मोजा. समजा ७० उरल्या आहेत आणि सीझनला रोज आठ लागतात. म्हणजे आठ दिवस पुरतील. छापणारा सहा दिवस घेतो. म्हणजे उद्यापर्यंत फोन झाला तर निवांत, आठव्या दिवशी आठवण झाली तर सहा दिवस माल घरात पडून. पाच मिनिटांचा फोन आहे. यापुढे गठ्ठ्यात जिथं ८० पिशव्या उरतात तिथं एक लाल कागद घालून ठेवा. लाल कागद हाती आला की त्याच दुपारी फोन. मग पिशव्या यादीत लिहायचीसुद्धा गरज नाही.

दुसऱ्या खणाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते मी स्वतः भोगलेलं आहे. लग्नानंतरची काही वर्षं मी भुसावळला घरी शिवणकाम करायची. जूनच्या तोंडावर शाळेच्या गणवेशांचा ढीग यायचा. एका वर्षी मे महिनाभर मी मशीनला तेल घातलं नाही, शटल काढून आतला दोऱ्यांचा मळ साफ केला नाही. दहा मिनिटांचं काम, पण त्याला विचारणारं कोणी नव्हतं, आणि समोर रोज कोणीतरी ‘माझा ब्लाऊज आज द्या’ म्हणून उभं. जूनच्या पहिल्या आठवड्यात शटल अडकलं, मशीन तीन दिवस दुरुस्तीला. अकरा मुलं शाळेच्या पहिल्या दिवशी जुन्या कपड्यांत गेली. त्यातल्या एका मुलीनं दारात येऊन ‘काकू, माझा झाला का?’ असं विचारलं, तो चेहरा अजून आठवतो. पहिल्या खणात आग लागलेली दिसते तेव्हा ती बहुतेक वेळा दुसऱ्या खणातून आलेली असते.

तिसऱ्या खणाबद्दल प्रशिक्षणात सांगतात, ‘ती कामं दुसऱ्याला सोपवा.’ ऑफिसात ठीक आहे. घरच्या धंद्यात सोपवायचं कोणाला? दोन बाया आहेत, त्यांचे हात मालात गुंतलेले. म्हणून आपल्याकडे ही कामं माणसाला सोपवता येत नसतील तर वेळेला सोपवायची. निरोप आले की उत्तर, असं नाही. दिवसातून दोनदा, सकाळी साडेदहा ते अकरा आणि संध्याकाळी सात ते साडेसात. तुमच्याकडे व्हॉट्सॲप बिझनेस असेल तर त्यात नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात, संदेशात तिरपी रेघ / टाकली की ती समोर येतात. ‘भाव काय’, ‘पाठवता का’, ‘कधी मिळेल’ ही तीन उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली तर निम्मे निरोप दोन बोटांत होतात. आपण कामात असताना आपोआप जाणारा निरोपही लावता येतो. त्यात ‘साडेदहाला आणि सातला उत्तर देते’ असं साधं लिहा. गिऱ्हाईक तेवढ्यानं तुटत नाही. त्याला उत्तर कधी येणार हे कळलं की ते थांबतं, कळलं नाही की ते पाच वेळा फोन करतं.

घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांचंही तसंच. ‘कधीही या’ हा शब्द आजपासून बंद. ‘पाच ते साडेसहा या, माल काढून ठेवते.’ उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी बाहेर पडायला तसंही कोणी तयार नसतं, त्यामुळे संध्याकाळची वेळ त्यांनाही सोयीची. घाट्याच्या पातेल्यासमोर उभं असताना दार वाजलं आणि हात थांबला तर घाटा तळाला लागतो, आणि लागलेल्या घाट्याचे बिबडे वाळल्यावर काळपट दिसतात, खाताना जळका वास येतो. एका गिऱ्हाइकाचे दोनशे रुपये आणि अख्खं पातेलं, असा तो व्यवहार असतो.

नणंदेच्या लाडवांचं मात्र जपून. ते काम धंद्याच्या हिशोबानं तिसऱ्या खणातलं आहे, पण नातं पहिल्या खणातलं आहे, आणि आपल्या गावात कोणाच्या कार्यक्रमाला हात लावायला गेलो नाही हे दहा वर्षं लक्षात राहतं. म्हणून ‘जमणार नाही’ म्हणू नका. सकाळी नऊला तिचा फोन येतो, ‘काय करी राहिनी वं?’ आणि तुम्ही मिरचीचे हात पुसत ‘काही नाही, बोला’ म्हणता. तिथंच दिवस जातो. त्याऐवजी आपण होऊन आदल्या संध्याकाळी फोन करा: ‘गुरुवारी दोन ते चार मी येते, दोन किलोचे लाडू मी वळते.’ गुरुवारी संध्याकाळी भाजणं आहे, दुपार मोकळी आहे. वेळ तुम्ही दिलीत की ते तुमच्या वहीतलं काम झालं. वेळ तिनं दिली की ते तुमच्या दिवसातलं भगदाड होतं. आणि तुम्ही स्वतः सांगितलेली वेळ पाळलीत तर तिला दोन तासांत जे मिळेल ते अर्ध्या लक्षानं दिलेल्या चार तासांत मिळालं नसतं.

चौथ्या खणात तुमच्या यादीतलं एकही काम नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगते: दुपारची अर्ध्या तासाची झोप तिथं टाकू नका. पहाटे साडेचारला उठून चुलीसमोर उभं राहणाऱ्या बाईला ती औषधासारखी लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्या जिल्ह्यात पारा ४३-४४ च्या घरात जातो, तेव्हा तर लागतेच.

आता खण मांडून झाल्यावर दिवस कसा बसवायचा. आपल्या धंद्यात घड्याळाआधी ऊन येतं, म्हणून पहाट ते नऊ हा वेळ मालाचाच राहणार, तिथं दुसरं काही घुसवायचं नाही. त्यानंतर घर, मग निरोपांचा अर्धा तास. त्या मंगळवारी सभा होती, म्हणून निरोप सभेला निघायच्या आधी. पण सगळ्यात आधी वहीत जी वेळ लिहायची ती यांपैकी कोणतीच नाही. रात्री पान उघडलं की पहिली ओळ दुसऱ्या खणाची: दुपारी दीड ते अडीच, एक काम, एकच. बाया एकला गेलेल्या असतात, गच्चीवरचा माल वाळत असतो, फोन मंदावलेले असतात. मंगळवारी भाव. गुरुवारी लाडू आहेत म्हणून त्या आठवड्यात शुक्रवारी उधारी. तिन्ही दुकानांना एकाच दुपारी फोन, आणि पुढच्या महिन्यापासून पाच तारीख ठरलेली. रविवारी वर्षाच्या मिरचीचा हिशोब: किती किलो लागेल, किती पैसे हाताशी आहेत, नंदुरबारच्या बाजारातून कोणाबरोबर आणायची की अमळनेरातच घ्यायची. मिरची आवक चांगली असते तोवर भरायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी दर वर्षी बायका एप्रिलच्या शेवटी पाच-पाच किलो करत चढ्या भावानं घेतात, कारण मिरची भरणं या कामाला कोणताही वार नेमून दिलेला नसतो.

त्या तासाला फोन दुसऱ्या खोलीत, मुलीकडे. तिला सांगून ठेवा की शाळेचा किंवा घरच्या आजारपणाचा फोन असेल तरच हाक मार.

संध्याकाळी साडेतीन ते साडेचार हा तास वहीत कोराच सोडा. कोरा म्हणजे कोरा. डंकावर वीज गेली, आभाळ भरून आलं आणि गच्चीवरची मिरची धावत खाली आणावी लागली, बाई आलीच नाही, हे सगळं त्या तासात जातं. तो तास ठेवला नाही तर प्रत्येक अडचण दुसऱ्या खणाचा तास खाते, कारण त्याचं रडणं ऐकू येत नाही. एखाद्या दिवशी काहीच घडलं नाही, तर तो तास तुमचा.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगते, कारण ती कळली नाही तर तुम्ही पुन्हा स्वतःलाच दोष द्याल. हा तक्ता कामाला क्रम देतो, तास देत नाही. प्रत्येक कामासमोर लागणारा वेळ लिहा आणि पहिल्या खणाची बेरीज करा. नीट पावलं पाडून, खरे प्रश्न विचारूनसुद्धा ती बेरीज सलग चार-पाच दिवस आठ तासांच्या वर जात असेल, तर मांडणीत चूक नाही, ऑर्डरी जास्त घेतल्या आहेत. त्याला तक्ता पुरणार नाही. तिथं तारीख पुढची द्यावी लागेल, भाव वाढवावा लागेल, नाहीतर सीझनपुरती तिसरी बाई. यांतलं काय परवडतं ते भाव ठरवायच्या त्या एका तासात कळेल, म्हणूनही तो तास पहिला.

आणि आखाजी. ती कधी आहे हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच लिहिलेलं आहे. दोन्ही बायांकडे लेकी माहेरपणाला येणार, म्हणजे त्या आठवड्यात चार दिवस तरी तुमच्याकडे कोणी येणार नाही. आणि नेमक्या त्याच सुमाराला गिऱ्हाईक पापड-मसाला मागणार. दर वर्षी ते ‘अचानक’ येतं ना? आज रात्री त्या तारखेच्या बारा दिवस आधीच्या पानावर लिहा: आजपासून नवीन ज्वारी भिजवायची नाही, पापडाचा साठा किती ते मोजायचं, आखाजीच्या आठवड्याच्या ऑर्डरी घेणं बंद. बायांनाही आत्ताच विचारून ठेवा, की कोणते दिवस येणार नाही.

पंधरा दिवस असं करा. रोज रात्री पहिल्या खणातल्या प्रत्येक कामासमोर एक खूण करायची: हे खरंच आज उपटलं, की आधी दुसऱ्या खणात पडून होतं? पडून असलेल्यांसमोर फुली. पंधरा दिवसांच्या फुल्या मोजा आणि त्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. कोणतं काम सारखं फुली घेऊन येतंय ते बघून, त्याला कोणता वार द्यायचा ते आपण दोघी मिळून ठरवू.